विमान रद्द झाल्याचा मेल: परतावा घ्यावा की क्रेडिट नोट? (मुंबई–बागडोगरा)

स्वाती_बोरिवली | 30 एप्रिल, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. 22 मेला आम्ही चौघं (मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई) मुंबईहून बागडोगऱ्याला जाणार होतो, पुढे गंगटोक. जायची तिकिटं एका पोर्टलवरून फेब्रुवारीत काढली होती. आज संध्याकाळी विमान कंपनीचा मेल आला की 'ऑपरेशनल कारणांमुळे' ते थेट विमान रद्द झालं आहे. खाली तीन पर्याय दिलेत.

पहिला: 23 तारखेचं सकाळी 6:10 चं विमान, नवी मुंबईहून, दिल्लीमार्गे. दुसरा: परतावा, 38,000 रुपये, 'बुकिंग एजन्सीच्या खात्यात'. तिसरा: क्रेडिट नोट, म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी वापरायची रक्कम, 39,640 रुपये, त्यावर ठळक अक्षरात '10 टक्के जादा'. आणि अगदी तळाला बारीक अक्षरात लिहिलंय की 7 दिवसांत काहीही निवडलं नाही तर क्रेडिट नोट आपोआप तयार होईल.

नवरा म्हणतोय क्रेडिट नोट घेऊन टाक, पैसे जास्त मिळतायत. मला काही ते पटत नाहीये. गंगटोकचं हॉटेल 22 पासूनचं आहे. आज बघितलं तर त्याच दिवसाची दुसऱ्या कंपनीची तिकिटं माणशी 16,000 च्या वर गेलीत. आम्हाला 9,150 ला पडली होती. काय करावं?

निखिल_ठाणे | 30 एप्रिल, रात्री 10:05

ताई, काहीच निवडू नका. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे, विमान कंपनीने रद्द केलं की पूर्ण परतावा आणि वर माणशी 10,000 नुकसानभरपाई. चौघांचे 40,000 झाले. सरळ तसा मेल करा आणि सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. घाबरून पैसे सोडून देतात लोक, म्हणून यांचं फावतं.

रेवा | 30 एप्रिल, रात्री 10:20

आधी मेल खरा आहे ना ते बघा. सुट्टीच्या दिवसांत असले खोटे मेल फार फिरतात. मेलमधली लिंक दाबण्याआधी कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा, पीएनआर आणि आडनाव टाका. तिथेही 'रद्द' दिसलं तर मेल खरा. आणि परताव्यासाठी कुणी यूपीआयचा पिन मागितला किंवा फोनवर एखादं अॅप टाकायला सांगितलं, तर तिथेच फोन ठेवा. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही.

स्वाती_बोरिवली | 30 एप्रिल, रात्री 10:32

बघितलं. वेबसाइटवरही रद्दच दाखवतंय. तिथे 'मॅनेज बुकिंग'मध्ये 'कॅन्सल' असं बटण आहे, ते दाबलं की परतावा मिळेल का?

विद्याधर_काका | 30 एप्रिल, रात्री 10:41

स्वाती, ते बटण अजिबात दाबू नकोस. बाकीचं लिहितो, जरा वेळ दे.

विद्याधर_काका | 30 एप्रिल, रात्री 11:25

तिकिटांच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली, आधी नरिमन पॉइंटच्या काउंटरवर आणि मग परताव्यांच्या विभागात. म्हणून सविस्तर लिहितो.

त्या बटणाचं आधी. कंपनीने विमान रद्द करणं आणि प्रवाशाने तिकीट रद्द करणं या दोन नोंदी संगणकात वेगळ्या पडतात. मेलमधल्या लिंकवरून गेलीस तर 'कंपनीने रद्द केलं' म्हणून पूर्ण रक्कम परत येते. 'मॅनेज बुकिंग'मधून किंवा पोर्टलच्या अॅपवरून नेहमीसारखं 'कॅन्सल' केलंस, तर काही ठिकाणी ते तुझ्या मर्जीने रद्द झालं असं धरलं जातं आणि नेहमीचं शुल्क कापलं जातं. नंतर भांडून ते मिळतं, पण त्यात महिने जातात. ओळखायचं कसं? शेवटचं 'कन्फर्म' दाबण्याआधी पडद्यावर परताव्याचा आकडा येतो. तो 38,000 असेल तर दार बरोबर आहे. वीस-बावीस हजार दिसले तर मागे फिरायचं.

आता निखिलचं. परतावा पूर्ण मिळतो हे त्याचं बरोबर. भरपाईचं मात्र तसं नाही. ती विमान आयत्या वेळी रद्द झालं तर मिळते, म्हणजे सुटण्याच्या 24 तासांच्या आत कळवलं किंवा कळवलंच नाही तर. तुला 22 दिवस आधी कळवलंय. दोन आठवड्यांहून आधी कळवलं की पर्यायी विमान किंवा परतावा, यातलं तुला चालेल ते द्यायचं, एवढंच कंपनीवर बंधन आहे. शिवाय 10,000 ही वरची मर्यादा आहे, तीही दोन तासांहून लांबच्या उड्डाणाला. एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार किंवा 10,000, यातलं जे कमी तेवढंच मिळतं. वादळ, धुकं, विमानतळ बंद अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर तेही नाही. त्यामुळे 40,000 चा मेल करून काही हाती लागणार नाही. उलट तुझी खरी मागणी त्या गोंधळात मागे पडेल.

नियमातले महत्त्वाचे शब्द आहेत 'प्रवाशाला मान्य असेल ते'. मेलमध्ये छापलेलं 23 तारखेचं विमान हा संगणकाने सुचवलेला पर्याय आहे. तोच घ्यायला तू बांधील नाहीस.

निखिल_ठाणे | 30 एप्रिल, रात्री 11:40

काका, 24 तासांची बाब माहीत नव्हती. पण मग कंपन्यांना मोकळं रानच आहे की. स्वस्तात विकायचं, आणि महिनाभर आधी रद्द करून तीच सीट महागात विकायची.

विद्याधर_काका | 30 एप्रिल, रात्री 11:52

राग समजतो. म्हणूनच या प्रकरणात मी परताव्यापेक्षा पर्यायी विमानाला जास्त किंमत देतो. स्वातीने परतावा घेतला तर माणशी 9,500 हातात येतील (तिकीट 9,150 आणि सीटचे 350) आणि 16,000 चं नवं तिकीट काढावं लागेल. तेच कंपनीने स्वतःच्या दुसऱ्या विमानात बसवलं तर भाड्याचा फरक सहसा मागत नाहीत, कारण बदल त्यांच्यामुळे झालाय. चौघांचे मिळून सव्वीस हजार वाचले. ज्यांना जायचंच आहे त्यांनी आधी सीट मागावी, पैसे नंतर.

स्वाती, उद्या सकाळी असं कर. त्याच कंपनीची 22 तारखेची बागडोगऱ्याला पोहोचणारी सगळी विमानं बघ, कोलकात्यामार्गे, दिल्लीमार्गे, सगळी. ज्यात चार जागा दिसतात त्याचा क्रमांक लिहून ठेव आणि मग फोन कर. 'काहीतरी द्या' म्हणालीस तर ते 23 चंच पुढे करतील. 'या क्रमांकाच्या विमानात बसवा' म्हणालीस तर त्यांना ते बघावं लागतं.

मंदार_फ | 1 मे, सकाळी 8:10

माझंही असंच झालं होतं हो. गेल्या जुलैत कोचीला जायचं होतं, पाऊस एवढा की अंधेरी सबवे बंद, हायवेवर तुंबलेलं. विमानतळावर पोहोचलो तर काउंटर बंद झालेलं. विमान गेलं. परताव्यात कंपनीने जेमतेम हजारभर रुपये दिले. पाऊस माझ्या हातात होता का? मलाही पूर्ण परतावा मिळायला हवा ना?

विद्याधर_काका | 1 मे, सकाळी 8:35

मंदार, तुमची बाजू वेगळी आहे. तुमचं विमान उडालं, तुम्ही त्यात नव्हता. त्याला नो-शो म्हणतात आणि त्यात मूळ भाडं जातं. पण सरकारी कर आणि विमानतळाचे युजर डेव्हलपमेंट फी वगैरे आकार परत द्यावेच लागतात, तिकीट कितीही स्वस्तातलं किंवा 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी. तुम्हाला मिळालेले हजारभर रुपये त्याचेच असावेत. तिकिटावरच्या फोडीशी ताडून बघा.

अनघा_पार्ले | 1 मे, सकाळी 9:15

क्रेडिट नोटच्या अटी कुणी वाचल्या का? स्वाती, मेलच्या शेवटी 'अटी लागू' अशी लिंक असेल, त्यातलं जरा इथे सांग ना. मी अकाउंट्समध्ये आहे, आकडे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

स्वाती_बोरिवली | 1 मे, सकाळी 10:02

वाचल्या. मराठीत सांगते. एक, जादा 10 टक्के फक्त मूळ भाड्यावर आहेत. मूळ भाडं माणशी 7,600, चौघांचं 30,400, त्यावर 3,040. तिकिटांचे 36,600 अधिक 3,040 म्हणजे 39,640. दोन, सीट निवडायला भरलेले 1,400 त्यात नाहीत. तीन, मुदत वर्षभर, पण प्रवासही त्या वर्षातच करायचा. चार, त्याच चार प्रवाशांसाठी आणि एकाच बुकिंगमध्ये वापरायची, उरलेली रक्कम बुडणार. पाच, फक्त कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर चालणार. दिवाळी आणि नाताळच्या काही तारखा वगळल्यात.

अनघा_पार्ले | 1 मे, सकाळी 10:30

म्हणजे 10 टक्के म्हणायला. परताव्याचे 38,000 आणि नोटचे 39,640, फरक 1,640. सीटचे 1,400 त्यांनी नोटमधून गाळले नसते तर फरक 3,040 झाला असता.

आणि चौथी अट वाचून तर मी कधीच घेणार नाही. समजा डिसेंबरात तुम्ही चौघं नागपूरला निघालात आणि तिकिटं झाली 22,000 ची. वरचे 17,640 गेले. नोट पूर्ण वापरायची म्हणून तेवढ्याच किमतीचा प्रवास शोधत बसावं लागेल, तोही चौघांनी एकत्र, तोही वर्षात, तोही दिवाळी सोडून. सासूबाईंचं वय असेल तर त्यांना पुन्हा विमानाने जायचं असेलच असंही नाही.

रेवा | 1 मे, सकाळी 10:48

2020 मध्ये हेच झालं होतं. लॉकडाऊनमध्ये विमानं रद्द झाली आणि न विचारता सगळ्यांच्या गळ्यात अशाच नोटा मारल्या, तेव्हा त्यांना क्रेडिट शेल म्हणायचे. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर 2020 मध्ये आदेश आला. शेल 31 मार्च 2021 पर्यंत वापरता येईल, दुसऱ्याला देता येईल, दरमहा थोडी वाढ मिळेल, आणि तोवर वापरलं नाही तर रोख परत. ती सवलत त्या काळातल्या तिकिटांपुरती होती. आत्ताच्या नोटला तसलं कुठलं संरक्षण नाही.

विद्याधर_काका | 1 मे, सकाळी 11:20

रेवाने चांगली आठवण केली. आत्ताच्या नियमात मात्र एक वाक्य स्पष्ट आहे: परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने ती आपली नेहमीची पद्धत करायची नाही. म्हणजे '7 दिवसांत उत्तर नाही तर नोट आपोआप' ही ओळ नियमाला धरून नाही. तरीही तिच्यावर विसंबून गप्प बसू नये. नोट एकदा तयार झाली की ती रद्द करून पैसे काढणं हे वेगळं प्रकरण होऊन बसतं. त्यामुळे मुदतीआधी दोन ओळींचा मेल टाक: 'क्रेडिट नोट मला मान्य नाही. पर्यायी विमानाबद्दल बोलणं चालू आहे, ते न जमल्यास मूळ माध्यमातून पूर्ण परतावा हवा.' तारखेसकट तो लेखी राहतो.

आणखी एक भीती आहे. गो फर्स्ट मे 2023 मध्ये अचानक थांबली, दिवाळखोरीत गेली आणि प्रवाशांचे पैसे अडकले. कंपनी बंद पडली की तुमची नोट म्हणजे तिच्या देणेकऱ्यांच्या यादीतलं एक नाव. बँकेत आलेल्या पैशाला ते भय नाही.

निखिल_ठाणे | 1 मे, दुपारी 12:15

ताई, परतावा 'एजन्सीच्या खात्यात' लिहिलंय तिकडेही लक्ष ठेवा. माझ्या भावाचे पैसे कंपनीने पोर्टलला दिले आणि पोर्टलने स्वतःच्या वॉलेटमध्ये टाकले. बँकेत आलेच नाहीत. चॅटवर बरीच डोकेफोड केल्यावर मग कार्डावर वळवले. अॅपमध्ये परतावा कुठे हवा ते विचारतात, तिथे वॉलेट आधीच निवडलेलं होतं.

स्वाती_बोरिवली | 1 मे, दुपारी 12:40

अरे, हे बघितलं नसतं मी. आणि पोर्टलवर गेले तर तिथे परताव्याचा आकडा 38,000 नाहीच, 36,000 दाखवतायत! आम्ही कार्डावर भरले होते 37,600. हे काय गणित आहे?

अनघा_पार्ले | 1 मे, दुपारी 1:05

बुकिंगची पावती उघड. तिकिटं 36,600, सीट 1,400, पोर्टलचं सुविधा शुल्क 1,600 असेल आणि कूपनची सूट 2,000 असेल. बेरीज-वजाबाकी केली की 37,600 येतात. परत देताना त्यांनी सुविधा शुल्क ठेवून घेतलंय आणि 38,000 मधून सुटीचे 2,000 वळते केलेत. उरले 36,000. म्हणजे तुझ्या खिशाला 1,600 चा फटका.

यामुळे माझं वरचं गणित बदलतं, हेही सांगते. तुझ्या हातात पडणारे 36,000 आणि नोटचे 39,640, म्हणजे फरक 3,640. तरी माझं मत तेच. पण आकडा चुकीचा नको.

स्वाती_बोरिवली | 1 मे, दुपारी 1:20

पावती अगदी तशीच आहे! पण सूट तर बँकेच्या कार्डाची होती, पोर्टलची नव्हती. मग ते 2,000 पोर्टल का कापतंय?

अनघा_पार्ले | 1 मे, दुपारी 1:34

ती सूट खरोखर कोणाच्या खिशातून गेली हे बाहेरून कळत नाही. बँक आणि पोर्टल आपसात वाटून घेतात. ऑफरच्या अटींत 'रद्द केल्यास सूट परत घेतली जाईल' असं असतं, पण ते प्रवाशाने रद्द केलं तर लागू की कंपनीने केलं तरी, यावर मी वाद घातला असता. कुणाला अनुभव असेल तर लिहा.

विद्याधर_काका | 1 मे, दुपारी 2:10

त्या 2,000 बद्दल माझ्याकडेही पक्कं उत्तर नाही. पोर्टलला लेखी विचार.

एजंटच्या बाबतीत नियम असा की परताव्याची जबाबदारी शेवटी विमान कंपनीचीच, कारण एजंट त्यांनीच नेमलेला असतो. कंपनीकडून थेट कार्डाने काढलेल्या तिकिटाला सात दिवसांची मुदत आहे, एजंटमार्फत काढलेल्याला ती जास्त आहे. 'आम्ही पोर्टलला पैसे दिले' असं कंपनीने सांगितलं तर रक्कम कधी आणि कुठल्या संदर्भाने दिली ते लेखी मागायचं. पोर्टलने 'बँकेला पाठवले' म्हटलं तर एआरएन, म्हणजे कार्डावरच्या परताव्याचा संदर्भ क्रमांक मागायचा. तो कार्डाच्या बँकेला दिला की पैसे कुठे अडकलेत ते त्यांना शोधता येतं. एआरएन देता येत नसेल तर पैसे निघालेलेच नाहीत, असं समजायला हरकत नाही.

आता फोन केलास का?

स्वाती_बोरिवली | 1 मे, संध्याकाळी 6:55

केला काका. पहिल्या मुलीने 23 चंच सांगितलं. मी कोलकात्यामार्गे 22 च्या विमानाचा क्रमांक सांगितला, चार जागा दिसतायत म्हटलं. तिने होल्डवर ठेवलं आणि मग वरिष्ठांनी मान्य केलं, भाड्याचा फरक न घेता. सुटणार पहाटे 5 ला, पण आपल्या नेहमीच्या विमानतळावरून, म्हणजे बोरिवलीहून रात्री नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याला जाणं तरी टळलं. कोलकात्याला साडेतीन तास थांबावं लागेल.

पण आता नवीनच. सासूबाई म्हणतायत, एवढ्या पहाटे आणि मध्ये विमान बदलून मला नको, तुम्ही जा. त्यांचे पैसे परत हवेत आणि आमचं तिघांचं विमान बदलून हवंय. मी 'उद्या कळवते' सांगून फोन ठेवलाय.

विद्याधर_काका | 1 मे, संध्याकाळी 7:20

बरं झालं थांबलीस. लिंकवर जो पर्याय निवडशील तो चौघांनाही लागेल, कारण पीएनआर एकच आहे. उद्या फोनवर आधी पीएनआर वेगळा करायला सांग, 'स्प्लिट पीएनआर' म्हण. सासूबाईंचा नवा पीएनआर तयार होईल, तो मेलवर येईपर्यंत फोन ठेवू नकोस. मग तुमच्या तिघांचा कोलकात्याचा बदल, आणि त्यानंतर त्यांचा परतावा. हाच क्रम ठेव. आणि परतावा देताना 'विमान रद्द झाल्यामुळे' असं नोंदवायला सांग, कारण त्या स्वतःहून माघार घेतायत असं कुणी धरलं तर शुल्क लागेल.

स्वाती_बोरिवली | 2 मे, दुपारी 3:30

झालं. नवा पीएनआर आला, तिघांची तिकिटं बदलून आली. सीट मात्र पुन्हा निवडाव्या लागल्या, पण त्याचे पैसे घेतले नाहीत. सासूबाईंचे 9,500 पोर्टलकडे पाठवतो म्हणालेत. पोर्टल सुटीतले 500 कापून 9,000 देणार असं दिसतंय. वॉलेट काढून कार्ड निवडलं. क्रेडिट नोट नको, हा मेलही टाकला.

आता एकच राहिलं. परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं आहे, वेगळा पीएनआर. सासूबाई जाणारच नाहीत तर त्यांचं तेही रद्द करावं लागेल. जायचं विमान यांनी रद्द केलं म्हणून परतीचं नुकसान यांच्याकडून मागता येईल का?

निखिल_ठाणे | 2 मे, दुपारी 3:52

मागायलाच हवं. ग्राहक आयोगात जा, 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. घरबसल्या ऑनलाइन दाखल करता येतं आणि मुंबईतच चालतं.

अनघा_पार्ले | 2 मे, दुपारी 4:15

मला कठीण वाटतं. कंपनी म्हणेल आम्ही त्याच दिवसाची सीट दिली होती, तुमचे बाकी तिघं गेलेच की. आधी परतीच्या तिकिटाचं रद्द शुल्क किती ते बघ. मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त कापता येत नाही, कर तरी परत येतीलच. प्रवासाच्या अगदी जवळ शुल्क वाढतं, त्यामुळे हे काम आजच उरक.

विद्याधर_काका | 2 मे, संध्याकाळी 5:05

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. विमान नियमांत वेगळ्या पीएनआरची जबाबदारी पहिल्या कंपनीवर नाही. आयोगापुढे वयस्कर प्रवासी, थेट विमानाऐवजी पहाटेचं आणि बदलून जाणारं विमान, हा मुद्दा मांडता येईल, पण निकाल कसा लागेल ते मी सांगू शकत नाही. आयोगाच्या आधी कंपनीच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला लिही, तिथे दाद नाही लागली तर एअरसेवा किंवा ग्राहक हेल्पलाइन 1915. आणि परतीचं तिकीट रद्द करताना हे बटण मात्र 'मॅनेज बुकिंग'मधलंच, कारण ते विमान उडणार आहे.

मंदार_फ | 2 मे, संध्याकाळी 6:40

काका, माझी जुनी तिकिटं काढून बघितली. कर आणि विमानतळाचे आकार मिळून 1,420 होतात, मला 1,070 मिळालेत. उरलेले 350 मागू का, की सोडून देऊ?

विद्याधर_काका | 2 मे, संध्याकाळी 6:58

मागा. परतावा देण्याच्या कामासाठी त्यांना वेगळं शुल्क घेता येत नाही. ते 350 कशाचे कापले ते आधी लेखी विचारा आणि उत्तर आलं की इथे टाका.